सूचनाफलक कोणासाठी आणि सही कोणाची?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून सत्कार, परिसंवाद आणि ग्रंथदिंड्या यांना आपल्याकडे तोटा राहिलेला नाही. त्या आनंदात सामील होण्यास आमची हरकत नाही. परंतु मराठीची राज्यात काय पत आहे हे पाहावयाचे असेल तर दूध-प्रकल्पाच्या प्रक्रिया विभागात जावे, आणि होमोजिनायझरच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात टांगलेला दोन पानी मराठी कागद वाचावा. पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी दूध-प्रकल्पात अशाच कागदावरील एका ओळीमुळे एका कंत्राटी कामगाराची नोकरी जाण्याची वेळ आली. ती ओळ व्याकरणदृष्ट्या शुद्ध होती. शब्द प्रौढ होते. आणि ती वाचून काय करावयाचे हे कोणालाही कळत नव्हते.

प्रस्तुत लेखकाने छत्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. दुग्धतंत्रज्ञान हा त्याचा विषय नव्हे. चौकशीची कागदपत्रे पाहण्यासाठी कामगार संघटनेने बोलावले म्हणून जाणे झाले, आणि मग तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, एक फिटर, प्रयोगशाळेतील एक भगिनी आणि दुसऱ्या एका डेअरीतून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ यांच्याबरोबर दोन रविवार त्या दोन पानांवर बसावे लागले. तेथे जे समजले ते पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. भाषेचा प्रश्न हा मध्यमवर्गीयांचा हौशी प्रश्न आहे, असे आपल्यातील पुष्कळ साथींचे मत आहे. त्यांनी हे विशेषेकरून वाचावे.

प्रथम यंत्रांविषयी आवश्यक तेवढे सांगतो. गावागावांतून आलेले कच्चे दूध थंड करून एका लहान टाकीत येते. तेथून ते तापवण्याच्या पत्र्यांच्या संचात शिरते. वाटेत, साधारण साठ ते पासष्ट अंश गरम असताना, ते होमोजिनायझरमधून जाते, मग बहात्तर अंशांपर्यंत तापते, आणि तसेच तापलेले एका लांब वळशावळशांच्या नळीतून पंधरा सेकंद चालते. या नळीला सारे होल्डिंग ट्यूब म्हणतात. नळीच्या शेवटी डायव्हर्शन व्हॉल्व्ह असतो. दूध पुरेसे तापलेले असेल तर तो ते पुढे सोडतो, नसेल तर मागे, पुन्हा त्या लहान टाकीत पाठवतो. पुढे गेलेले दूध चार अंशांपर्यंत थंड होऊन पिशव्यांत भरले जाते.

होमोजिनायझर हा मुळात जबरदस्त दाबाचा पंप आहे. फ्रान्समधील ऑग्युस्त गोलँ याने १८९९ साली त्याचे पेटंट घेतले, आणि तत्त्व आजही तेच आहे. दूध अतिशय अरुंद फटीतून रेटले की स्निग्धांशाचे गोळे फुटून इतके बारीक होतात की साय वर येत नाही. फट किती अरुंद ठेवायची हे चाकाने ठरते. चाक आवळले की फट अरुंद होते, दाब वाढतो आणि गेजचा काटा चढतो. बहुतेक यंत्रांत अशा दोन फटी एकापाठोपाठ असतात, म्हणून चाकेही दोन. पहिल्या फटीत गोळे फुटतात. फुटलेले गोळे लगेच एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखे पुंजके करू पाहतात. कमी दाबाची दुसरी फट ते पुंजके मोडते.

आता त्या कामगाराची हकीकत. या प्रकल्पात उन्हाळ्यात आइस्क्रीमचे मिक्स बनते. त्यात दहा टक्के स्निग्धांश असतो. नेहमीच्या टोन्ड दुधात तीन टक्के. इंग्रजी पुस्तिकेतील सूचनेचा अर्थ असा आहे: आधी दुसऱ्या टप्प्याचा दाब द्या, मग पहिल्या टप्प्याचा, गेजवर एकूण दाब दिसेपर्यंत. शहरातील कोणा भाषांतरकाराकडे हे काम दर शब्दाला अमुक पैसे या हिशेबाने दिले होते. ‘फर्स्ट स्टेज’चे त्याने ‘प्रथम टप्पा’ केले, ‘सेकंड स्टेज’चे ‘द्वितीय टप्पा’. मग या ओळीपाशी आल्यावर त्याच्या हातून ‘प्रथम द्वितीय टप्प्याचा दाब द्यावा व नंतर प्रथम टप्प्याचा’ असे काही लिहिले गेले असणार, आणि ते त्यालाच चमत्कारिक वाटले असणार. त्याने ती ओळ घोटून गुळगुळीत केली. भिंतीवर जे लागले ते असे: ‘यंत्र सुरू झाल्यानंतर उभय टप्प्यांचा दाब क्रमशः देण्यात यावा.’

‘क्रमशः’ म्हणजे काय? मासिकातील कादंबरीच्या तळाशी तो शब्द असतो तेव्हा ‘पुढील अंकी चालू’. एरवी ‘क्रमाने’, म्हणजे आधी एक आणि मग दोन. कोणी ‘हळूहळू’ असाही अर्थ घेईल. ‘आधी दोन आणि मग एक’ हा अर्थ मात्र त्यातून कोणत्याही कोशाच्या आधारे निघत नाही. कामगाराने पहिले चाक आवळले, हळूहळू आवळले, आणि काटा १७५ बारवर आणला. फळ्यावर त्या दिवशीच्या मिक्सपुढे १७५ हाच आकडा होता. चौकशी अधिकाऱ्याने त्याला विचारले, की दुसरे चाक का आवळले नाही? त्याने दिलेले उत्तर नोंदवहीत आहे: ‘सर, काटा एकशे पंचाहत्तरवर आला होता. मग दुसऱ्या चाकानं आणखी काय द्यायचं राहिलं होतं?’

या उत्तरात त्याने साऱ्या सूचनेचे मर्म सांगितले आहे, पण ते ऐकण्यास चौकशी अधिकाऱ्याला सवड नव्हती. गेज एकच आहे आणि ते दोन्ही फटींच्या अलीकडे बसवलेले आहे. म्हणून ते दोहोंचा मिळून एकूण दाब दाखवते. पहिले चाक सैल असताना दुसरे आवळले तर काटा दाखवतो तो केवळ दुसऱ्या फटीचा दाब. तो ३५ बारवर आणून ठेवायचा आणि मग पहिले चाक १७५ येईपर्यंत आवळायचे. उलट केले तर दुसऱ्या टप्प्याचा दाब स्वतंत्रपणे कळण्याचा मार्गच उरत नाही. क्रम उलटा का, याचे कारण एवढेच आहे. सातवी शिकलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत कळते. भिंतीवर ते नव्हते. इंग्रजी पुस्तिकेत आकृतीसह होते. पण पुस्तिका कार्यालयातील कपाटात होती आणि रात्रपाळीला कार्यालय बंद असते.

दोन हजार लिटर मिक्स दाट आणि चिकट झाले. पुढच्या यंत्रात त्यात हवा भरेना. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तेव्हा स्निग्धांशाचे पुंजके दिसले, म्हणजे दुसरा टप्पा लागला नव्हता हे सिद्ध झाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हाच कामगार हेच यंत्र दुधावर महिनोन्‌महिने याच रीतीने चालवत होता, आणि इतर दोन पाळ्याही तशाच चालवत होत्या. तीन टक्क्यांच्या दुधात पुंजके बांधण्याइतका स्निग्धांशच नसतो, म्हणून कोणाच्या काही ध्यानी आले नाही. चूक कागदात होती, दुधाने ती झाकली आणि मिक्सने उघडी पाडली. त्या रात्री जो चाकापाशी उभा होता तो अपराधी ठरला. कारण दर सोमवारी तो एका रकान्यात सही करत असे: ‘वरील सूचना वाचल्या व समजल्या.’

आम्ही या सहीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर भाषांतर हा एकदाच करावयाचा खर्च आहे. यंत्र जितकी वर्षे चालेल तितक्या लिटरांवर तो वाटला जातो आणि दर लिटरला नगण्य होतो. तरीही तो टाळला जातो, कारण न केलेल्या भाषांतराचा खर्च मालकाला द्यावा लागत नाही. तो सहीच्या द्वारे कामगाराच्या पगारातून वसूल करण्याची सोय आहे. कामगार कंत्राटी असला की ही सोय अधिकच सुलभ होते. त्याला काढावे लागत नाही, उद्यापासून येऊ नकोस असे ठेकेदाराने सांगितले की पुरते. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर शेतकऱ्यांची मुले बसलेली असली म्हणून या हिशेबात काही फरक पडल्याचे आम्हाला दिसले नाही.

आता त्याच दोन पानांवरील दुसरा शब्द पाहू. ‘पाश्चरायझेशन’साठी तेथे ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द योजला होता. हा शब्द वृत्तपत्रांतून रुळला आहे, त्यामुळे तो कोणाला खटकत नाही. वस्तुतः पाश्चराइझ केलेले दूध निर्जंतुक नसते. बहात्तर अंशांवर पंधरा सेकंदांत रोगजंतू मरतात. दूध नासवणारे पुष्कळ जंतू उरतात, म्हणूनच ते दूध लगेच चार अंशांवर आणावे लागते आणि थंडच ठेवावे लागते. पण हा केवळ शास्त्रीय अचूकपणाचा वाद असता तर आम्ही येथे जागा अडवली नसती. दूध सोडण्याआधी सर्व नळ्या आणि पत्रे ऐंशी अंशांहून गरम पाण्याने पंधरा-वीस मिनिटे फिरवून घ्यावे लागतात. या कामालाही त्या कागदावर ‘निर्जंतुकीकरण’च म्हटले होते. तिसऱ्या सूचनेत ‘निर्जंतुकीकरण पूर्ण झाल्यावर दूध सोडावे’, आणि नवव्या सूचनेत ‘निर्जंतुकीकरण तापमान किमान ७२’.

नवा माणूस या दोन ओळी एकत्र वाचणार. पाणी बहात्तरला पोहोचले की त्याच्या समजुतीने निर्जंतुकीकरण पुरे झाले. तो दूध सोडतो. यात दूध कच्चे राहत नाही. ते नीट तापते, व्हॉल्व्ह त्याला नियमाप्रमाणे पुढे सोडतो. परंतु व्हॉल्व्हच्या पलीकडच्या, थंड बाजूच्या नळ्यांत काल रात्रीचे जे काही चिकटून राहिले आहे ते या चांगल्या दुधात मिसळते. प्रयोगशाळेत हे ओळखता येते. दुधातील फॉस्फटेज नावाचे द्रव्य पाश्चरायझेशनच्या उष्णतेने नष्ट होते. ते सापडले नाही, म्हणजे तापवणे ठीक झाले. आणि तरीही त्याच दुधात कोलिफॉर्म जंतू सापडले, म्हणजे घाण तापवल्यानंतर शिरली. प्रयोगशाळेतील भगिनींनी सांगितले की दोन चाचण्यांचा असा जोड त्यांच्या वहीत अनेकदा आलेला आहे. दर वेळी शेरा ठरलेला: ‘कामगारांचा निष्काळजीपणा.’ त्यातील किती वेळा कागदाचा दोष होता हे आता कोणी सांगू शकणार नाही. एका शब्दाने दोन कामे सांगणारा कागद भिंतीवर असताना तो शेरा लिहिला जावा याला मात्र आमचा आक्षेप आहे.

‘किमान’विषयीही दोन शब्द. ‘किमान’ आणि ‘कमाल’ हे शब्द सुशिक्षितांना सोपे वाटतात. पहाटे चार वाजता, वाफेने ओलसर झालेल्या कागदावर, चष्मा नसलेल्या माणसाने ते वाचावेत आणि मग आपण त्यांच्या सोपेपणाविषयी बोलावे. आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ ऑपरेटरने ते दोन्ही शब्द खोडून टाकले आणि लिहिले: ‘७२ च्या खाली नको.’ यापुढे कोशकारांनी काही सांगावे असे उरत नाही. त्यांनीच असेही सुचवले की पॅनेलच्या पडद्यावर 72.0 असे दिसते, तर कागदावरही त्याच अंकांत लिहावे. देवनागरी १ हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठीच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही. आम्हाला ते मान्य झाले.

कागदात जे चुकीचे लिहिले होते त्याविषयी येथवर लिहिले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की जे बरोबर लिहिले होते तेही निरुपयोगी होते, आणि त्याचे कारण भाषेत नसून सत्तेत आहे. अकरावी सूचना अशी: ‘होमोजिनायझरच्या वेगात बदल करू नये.’ ओळ स्वच्छ आहे, शंकेला जागा नाही. तरीही भर उन्हाळ्यात, टँकर रांगेत उभे असताना, पर्यवेक्षक स्वतः येऊन सांगतो की वेग थोडा वाढव, सहाच्या आत संपले पाहिजे. कामगार काय करणार? मनाई साहेबाने लिहिली, साहेबच ती उठवतो. कारण न सांगितलेला नियम हा हुकूम असतो, आणि हुकूम दुसऱ्या हुकमाने रद्द होतो.

यामागचे कारण असे. होमोजिनायझर दर फेरीला ठरावीक माप पुढे ढकलतो. तो ज्या गतीने दूध पाठवील त्याच गतीने ते होल्डिंग ट्यूबमधून जाते. हा प्रकल्प ताशी १०,००० लिटरचा आहे. त्या गतीने पंधरा सेकंदांत जितके दूध जाते ते सुमारे ४२ लिटर, आणि वळशावळशांच्या त्या नळीत तेवढेच मावते असे धरू. (प्रत्यक्षात नळी थोडी अधिक लांब ठेवतात, कारण मधल्या धारेतले दूध कडेच्या दुधाच्या पुढे पळते.) वेग वाढवून ताशी ११,००० केला, तर तेच ४२ लिटर पावणेचौदा सेकंदांच्याही आत नळीतून निघून जातात. दूध बहात्तर अंशांचेच असते, पडद्यावर 72.0 दिसते, नोंदपट्टीवरील रेघ सरळ राहते, आणि डायव्हर्शन व्हॉल्व्ह ते निर्धास्तपणे पुढे सोडतो. कारण त्याला तापमान तेवढे समजते, वेळ समजत नाही. पंधरा सेकंद पाळले गेले की नाही हे त्या यंत्रावर कोठेही लिहून येत नाही. ते कळेल फॉस्फटेजच्या चाचणीत, आणि तेव्हा दूध टाकीत, कदाचित पिशवीत गेलेले असेल.

हे त्या ऑपरेटरांना ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते की वेग वाढवू नये ते यंत्राची झीज होते म्हणून. आणि यंत्राची झीज ही मालकाची चिंता, तोच वाढव म्हणतो तर आपल्याला काय? त्या रविवारी फळ्यावर ४२ लिटरांचा हा गुणाकार मांडला तेव्हा खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर एकजण म्हणाला, ‘म्हणजे ते लवकर उरकलेलं दूध आमच्याच गावात गेलं म्हणायचं.’ नव्या कागदावर अकराव्या सूचनेखाली दोन वाक्ये अधिक आहेत: ‘वेग वाढवला तर दूध १५ सेकंद गरम राहत नाही आणि ते पडद्यावर दिसत नाही. कोणी वेग वाढवायला सांगितले तर लेखी मागा.’ व्यवस्थापनाचा सर्वाधिक विरोध नेमका या दोन वाक्यांना आहे. भाषांतराला विरोध असण्याचे कारण यातून वाचकांच्या ध्यानी येईल.

व्यवस्थापनाचे म्हणणे असे की ही पुस्तिका परदेशी कारखान्याची आहे, यंत्राची भाषा इंग्रजी आहे, तिच्यात आपल्या मर्जीने भर घालता येत नाही. हे ज्या युरोपातून यंत्र आले तेथील व्यवहाराशी ताडून पाहावे. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या यंत्रविषयक निर्देशानुसार, यंत्र ज्या सदस्य देशाच्या बाजारात जाईल त्या देशाच्या अधिकृत भाषेत चालवण्याच्या सूचना देणे उत्पादकावर बंधनकारक केले गेले. तेव्हा पोर्तुगालला जाणारे यंत्र पोर्तुगीज सूचना घेऊन जाते. तेच यंत्र महाराष्ट्रात उतरले की त्याची भाषा इंग्रजी होते, कारण येथे कोणी मागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १०८ ने फलक बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावण्याचे बंधन घातले होते. परंतु ते त्या कायद्याने लावावयाच्या सूचनांपुरते होते. यंत्र कसे चालवावे हे सांगणारा कागद त्यात येत नव्हता. आपल्या कायदेकारांच्या दृष्टीने कामगाराला त्याचे हक्क मराठीत कळले की पुरे. त्याचे काम त्याला इंग्रजीत कळावे.

आपल्या बाजूच्या मित्रांचे म्हणणे निराळे आहे. ते म्हणतात, कंत्राटी पद्धत मोडा, कामगार कायम करा. मग सूचना कोणत्या भाषेत आहेत हा प्रश्न आपोआप सुटेल. कंत्राटी पद्धत मोडलीच पाहिजे. पण ‘आपोआप’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. याच प्रकल्पातील कायम कामगारांपैकी बावीस वर्षे नोकरी झालेल्या दोघांनी दुसरे चाक कशासाठी असते हे प्रथमच त्या रविवारी ऐकले. आणि चौकशीत संघटनेच्या वकिलाने जे मुद्दे मांडले ते नोटिशीच्या मुदतीचे आणि सुनावणीच्या पद्धतीचे होते. गेज कोठे बसवलेले आहे, हा प्रश्न त्याला सुचला नाही, कारण तो त्याला माहीतच नव्हता. कामगाराची बाजू त्या एका प्रश्नावर उभी होती.

नवा कागद कसा तयार झाला हे सांगितले पाहिजे, कारण इतर प्रकल्पांतील साथींना त्याचा उपयोग होईल. आम्ही शब्द पाडण्याच्या भानगडीत पडलो नाही. ‘समांगीकारक’, ‘प्रवाह-विचलन झडप’, ‘धारण-नलिका’ हे शब्द जुन्या कागदावर होते आणि ते कोणीही उच्चारत नव्हते. होमोजिनायझर, व्हॉल्व्ह, होल्डिंग ट्यूब, प्लंजर, गेज हे शब्द मराठीच झालेले आहेत. नामे राहू दिली आणि क्रियापदांवर सगळा वेळ घालवला. ‘दाब कमी करण्यात यावा’ यात करणारा कोण, ऑपरेटर की फिटर, हे कळत नाही. ‘करावा’ ही तर शिफारस वाटते, केली तर चांगले, न केली तरी चालेल. त्याऐवजी प्रत्येक ओळीत एक काम, ज्या क्रमाने हात चालतो त्या क्रमाने, आणि सरळ आज्ञार्थ. ‘अमुक बंद करण्यापूर्वी तमुक उघडलेले असावे’ अशी वाक्ये उलटवून ‘आधी तमुक उघडा, मग अमुक बंद करा’ अशी केली. दोन चाकांपैकी पहिले कोणते हा वाद शब्दांनी मिटेना, तेव्हा फिटरने पहिले चाक लाल आणि दुसरे निळे रंगवले. त्यानंतर सुरू करण्याचा भाग असा झाला:

‘प्लंजरचे थंड पाणी सोडा. दूध येणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. दोन्ही चाके पूर्ण सैल आहेत ना ते हाताने पाहा. मोटर सुरू करा. ठोके ऐकू येत असतील किंवा काटा थरथरत असेल तर आत हवा आहे किंवा दूध कमी येत आहे. ते थांबेपर्यंत चाकांना हात लावू नका. निळे चाक हळूहळू आवळा, काटा 35 वर आणा. मग लाल चाक हळूहळू आवळा, काटा 175 वर आणा. काटा दोन्ही चाकांचा मिळून दाब दाखवतो, म्हणून निळे आधी. बंद करताना लाल आधी सैल करा, मग निळे, मग मोटर बंद, शेवटी पाणी बंद.’

आकडे मिक्सचे आहेत. दुधाचे आकडे त्याच्याशेजारी निराळ्या चौकटीत आहेत. तपासणी अशी केली की जो कामगार पॅकिंग विभागातला आहे आणि ज्याने हे यंत्र कधी चालवलेले नाही, त्याच्या हातात कागद दिला आणि यंत्रात दुधाऐवजी पाणी सोडले. तो जेथे अडला तेथे दोष कागदाचा मानला. पहिल्या खेपेस तो तीन ठिकाणी अडला. त्यांपैकी एक ठिकाण ‘पूर्ण सैल’ हे होते: चाक किती फिरवले म्हणजे पूर्ण सैल? तेथे ‘हाताने फिरवताना जोर लागत नाही इतके’ असे घातले. दुसऱ्या खेपेस तो अडला नाही. निवृत्त तंत्रज्ञांनी सर्व आकडे मूळ पुस्तिकेशी ताडून पाहिले, आणि ते काम त्यांच्याशिवाय होण्यासारखे नव्हते. ऑपरेटरची भाषा आणि तंत्रज्ञाचे आकडे यांपैकी एक नसता तर कागद पुन्हा फसला असता.

त्या कामगाराच्या प्रकरणात गेजच्या जागेची आकृती आणि जुनी ओळ ही दोन्ही संघटनेने पुन्हा दाखल केली, तेव्हा काढण्याची शिक्षा मागे घेण्यात आली; आठ दिवसांचा पगार मात्र कापला गेला, आणि तो परत मिळालेला नाही. नवा कागद भिंतीवर लागला आहे, अकराव्या सूचनेखालील दोन वाक्यांवर पांढरी पट्टी चिकटवून. संघटनेने येत्या करारासाठी तीन मागण्या दिल्या आहेत: ती पट्टी काढावी, मूळ इंग्रजी पुस्तिकेची एक प्रत प्रक्रिया विभागात, कुलुपाविना, चोवीस तास असावी, आणि ‘वाचल्या व समजल्या’ या रकान्याशेजारी दुसरा रकाना असावा, ज्यात ज्याने त्या सूचना समजावून सांगितल्या त्या अधिकाऱ्याने आपली सही करावी. पहिल्या दोहोंवर बोलणी चालू आहेत. तिसरीवर व्यवस्थापनाने हे लिहीपर्यंत उत्तर दिलेले नाही.